वर्षाच्या मध्येच झालेल्या शुल्कवाढीविरुद्ध शाळेला लिहिलेले पत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुलीच्या शाळेने वर्षाच्या मध्येच, कारण न देता शुल्क वाढवले, तेव्हा ती वाढ मागे घ्यावी म्हणून मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिले. त्याला आता आठ महिने झाले. या काळात मूळ पत्राचा मसुदा मी दोनदा बदलला, त्यातलेच मुद्दे घेऊन आणखी दोन पत्रे दिली आणि माझ्या ओळखीच्या काही पालकांनीही तोच मसुदा आपापल्या नावाने वापरला. त्यातला कोणता भाग उपयोगी पडला आणि कोणता वाया गेला, हे आता अनुभवाने सांगता येते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे वार्षिक शुल्क चार समान हप्त्यांत भरायचे असते. दोन हप्ते भरून झाले होते. तिसऱ्याच्या आधी शाळेच्या अ‍ॅपवर चार ओळींचे परिपत्रक आले: वाढत्या खर्चामुळे वार्षिक शुल्कात १५ टक्के वाढ करण्यात येत असून फरकाची रक्कम उरलेल्या हप्त्यांत घेतली जाईल. निर्णय कोणी घेतला, कोणत्या बैठकीत घेतला आणि खर्च नेमका कशाचा वाढला, यांपैकी काहीच त्यात नव्हते. खाली सहीही नव्हती.

त्या रात्री मी तीन पानी पत्र लिहिले. त्यात शिक्षणाचे व्यापारीकरण होते, मध्यमवर्गाची ओढाताण होती, पंखे बंद असलेल्या वर्गाची तक्रारही होती. सकाळी वाचल्यावर लक्षात आले की या पत्राला शाळा सहज उत्तर देऊ शकेल, कारण तिला हवा तो मुद्दा निवडता येईल. पंखे दुरुस्त झाल्याचे कळवले की पत्राला उत्तर दिल्याची नोंद होणार आणि शुल्काचा प्रश्न जिथल्या तिथे राहणार. ते पत्र मी दिले नाही. नंतर लिहिलेले पत्र दीड पानाचे होते आणि त्यात शुल्काखेरीज एकही विषय नव्हता.

या पत्रातला सर्वांत उपयोगी ठरलेला भाग म्हणजे हिशेबाचा परिच्छेद. परिपत्रकात १५ टक्के असा आकडा होता आणि बहुतेक पालक तोच धरून चालले होते. हिशेबाच्या सोयीसाठी वार्षिक शुल्क १०० धरले, तर प्रत्येक हप्ता २५ चा होतो आणि दोन हप्त्यांत ५० भरून झालेले असतात. नवे शुल्क ११५ झाल्यावर उरतात ६५, म्हणजे पुढचे दोन हप्ते प्रत्येकी साडेबत्तीसचे. पंचवीसचे साडेबत्तीस होणे ही ३० टक्के वाढ झाली. शाळा जी वाढ १५ टक्के म्हणत होती, ती हप्ता भरताना घराला दुप्पट लागत होती, कारण आधीच्या दोन हप्त्यांची वाढही मागाहून वसूल होत होती. मी पत्रात लिहिले: “पहिल्या दोन हप्त्यांची पूर्ण रक्कम शाळेने स्वीकारून त्याच्या पावत्या दिलेल्या आहेत. त्या कालावधीचे शिक्षण देऊन झाल्यावर त्याच कालावधीसाठी वाढीव शुल्क आकारण्याचा आधार कृपया कळवावा.” माझ्या मते संपूर्ण पत्रात एवढी दोन वाक्ये सर्वांत भक्कम होती. त्यांच्यात आवेश नाही, आरोप नाही, आणि पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्यामुळे ती नाकारण्याची सोयही नाही.

दुसरा आधार होता प्रवेशाच्या वेळी मिळालेले शुल्कपत्रक. त्यावर शैक्षणिक वर्ष आणि ‘वार्षिक शुल्क’ हे शब्द स्पष्ट छापलेले होते. ते कागद मी जपून ठेवले होते हे नशीब म्हणायचे, कारण ज्या पालकांकडे ते नव्हते त्यांना कार्यालयात जाऊन प्रत मागावी लागली आणि त्यात आठवडा गेला. इथे एक अडचण सांगायला हवी. प्रवेश अर्जात ‘शुल्कात बदल करण्याचा अधिकार शाळेकडे राहील’ असे वाक्य अनेकदा असते आणि आमच्याही अर्जात ते होते. ते वाक्य नसल्यासारखे वागलात तर पहिल्याच भेटीत तेच पुढे केले जाते, म्हणून मी स्वतःच त्याचा उल्लेख केला आणि लिहिले की बदलाचा अधिकार मान्य केला तरी तो चालू वर्षात, पूर्वसूचनेशिवाय आणि कारण न देता वापरता येतो असे त्या वाक्यात कुठेही म्हटलेले नाही. जिथे शुल्कासंबंधी कायदा किंवा नियम लागू असतो, तिथे त्यातली नेमकी तरतूद याच जागी लिहावी; मात्र मूळ मजकूर स्वतः वाचल्याशिवाय लिहू नये. एका पालकांनी ऐकीव कलम लिहिले, ते चुकीचे निघाले आणि शाळेच्या उत्तरातला अर्धा भाग त्या चुकीवरच खर्च झाला.

पत्राची कमकुवत बाजू होती प्रश्नांची संख्या. पहिल्या पत्रात मी सात प्रश्न विचारले. एकोणीस दिवसांनी उत्तर आले ते सर्वांत सोप्या प्रश्नाचे, म्हणजे हप्ता भरण्याची मुदत वाढवून मिळेल का याचे. बाकी सर्व ‘वाढता खर्च आणि गुणवत्तेची बांधिलकी’ यांत गुंडाळले होते. दुसऱ्या पत्रात मी तीनच प्रश्न ठेवले: वाढीचा निर्णय कोणत्या तारखेला आणि कोणी घेतला, वर्ष सुरू होताना माहीत नसलेला कोणता खर्च नंतर उद्भवला, आणि मागील हप्त्यांवर वाढ लावण्याचा आधार काय. दुसऱ्या प्रश्नातले ‘वर्ष सुरू होताना माहीत नसलेला’ हे शब्द मुद्दाम घातले होते. शिक्षकांची वार्षिक वेतनवाढ, वीज, देखभाल हे खर्च शाळेला वर्षारंभी ठाऊकच असतात आणि ते धरूनच शुल्क ठरलेले असते. अचानक आलेला खर्च असू शकतो, हे मी पत्रात मान्यही केले होते, पण तो असेल तर त्याचे नाव आणि अंदाजे वाटा सांगणे शाळेला कठीण नसावे. शिक्षकांच्या पगाराच्या आड येण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती आणि तेही मी स्पष्ट लिहिले. बससेवेसारखे शुल्क वेगळे आकारले जात असेल तर मात्र हा मुद्दा तितका टिकत नाही. मार्ग बदलला किंवा इंधन महागले हे कारण तिथे दाखवता येते.

पत्र देण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची निघाली. मी ई-मेल पाठवला, शिवाय छापील प्रत घेऊन कार्यालयात गेले. “ठेवून जा, मॅडमना देते,” असे तिथल्या ताई म्हणाल्या. मी दुसरी प्रत पुढे करून विनंती केली, “ताई, याच्यावर आवक शिक्का आणि तारीख द्याल का?” त्यांनी जरा थांबून शिक्का मारला. पुढे शाळेने ‘आपले पत्र नुकतेच प्राप्त झाले’ असे लिहिले, तेव्हा त्या जांभळ्या शिक्क्यावरच्या तारखेनेच सोळा दिवसांचा फरक दाखवून दिला.

सर्वांत जास्त ताण आला तो हप्त्याच्या तारखेने. उत्तर येईपर्यंत काहीच न भरणे मला धोक्याचे वाटले, कारण मग चर्चा शुल्कवाढीवरून थकबाकीवर सरकते. दुसरीकडे पूर्ण रक्कम भरली तर वाढ मान्य केल्यासारखे होते. मूळ हप्त्याइतकी रक्कम भरावी असे ठरवले, तर अ‍ॅपमध्ये रक्कम बदलताच येत नव्हती. एकूण आकडा आणि खाली भरण्याचे बटण, एवढेच दिसत होते. शेवटी मुदतीच्या चार दिवस आधी धनादेश दिला आणि सोबत दोन ओळी जोडल्या: “ही रक्कम मूळ शुल्कपत्रकानुसार तिसऱ्या हप्त्यापोटी पूर्ण भरणा म्हणून देत आहे. वाढीव रकमेबाबत माझी हरकत कायम आहे.” पावती आली ती ‘अंशतः भरणा’ अशी. मी ती दुरुस्त करून मागितली. मिळाली नाही, पण मागणी लेखी नोंदली गेली.

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मी अशी विनंती केली होती की शुल्काबाबतचा सर्व संवाद पालकांशीच व्हावा, वर्गात विद्यार्थ्यांसमोर त्याचा उल्लेख होऊ नये आणि प्रलंबित रकमेमुळे परीक्षा, निकाल किंवा उपक्रमांत अडथळा येऊ नये. हा परिच्छेद घालताना मला संकोच वाटला होता. पण ज्या दोन पालकांनी तो गाळला, त्यांच्या मुलांना वर्गात उभे करून शुल्काबद्दल विचारले गेले. माझ्या मुलीला कोणी विचारले नाही. हा केवळ योगायोगही असेल, तरी आता हा परिच्छेद मी कोणालाही गाळू देणार नाही.

दुसऱ्या पत्रानंतर भेटीचे बोलावणे आले. मुख्याध्यापिकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मागील दोन हप्त्यांवरची वाढ रद्द करायला त्या तयार झाल्या. म्हणजे उरलेले हप्ते साडेबत्तीसऐवजी पावणेएकोणतीसचे झाले असते. बऱ्याच पालकांना तेवढ्यावर थांबायचे होते आणि त्यांचा थकवा मला समजत होता. पण वाढीचे कारण अजूनही मिळाले नव्हते, म्हणून भेटीत जे ठरले ते त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवून मी उरलेल्या दोन प्रश्नांची आठवण केली. महिन्याभराने नवे परिपत्रक आले, त्यात ‘शुल्कवाढ स्थगित करण्यात येत आहे’ असे होते.

स्थगित या शब्दाने पालकांच्या गटात आनंद झाला, मला मात्र काळजी वाटली. स्थगित केलेली वाढ पुढे लागू करता येते, शिवाय पुढच्या वर्षीची वाढ कोणत्या आकड्यावर मोजणार हे त्यातून कळत नाही. १०० वर १० टक्के वाढले तर ११० होतात. ११५ हा पाया धरला तर तेच १० टक्के वाढून एकशे साडेसव्वीस होतात. हे उदाहरण देऊन मी तिसरे पत्र लिहिले आणि तीन गोष्टी मागितल्या: वाढ ‘मागे घेतली’ असे लेखी कळवावे, पुढील वर्षाचा पाया मूळ शुल्कच राहील हे नमूद करावे, आणि ज्यांनी वाढीव रक्कम भरली आहे त्यांना ती परत करावी. शेवटच्या मागणीवर शाळा चौथ्या हप्त्यात समायोजन करायला तयार झाली. ते बहुतेकांना चालले. पण ज्या कुटुंबांनी संपूर्ण वर्षाचे शुल्क वाढीसह एकदम भरले होते त्यांच्यासाठी चौथा हप्ताच उरला नव्हता, आणि त्यांना परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला.

नव्या वर्षाचे शुल्कपत्रक दोन महिन्यांपूर्वी आले आणि त्यातला पाया मूळ शुल्काचाच आहे. वर्ष सुरू होण्याआधी, बाबवार तपशिलासह आलेली ही वाढ मी पूर्ण भरली. अ‍ॅपमध्ये माझ्या नावापुढे गेल्या वर्षीचा विलंब आकार मात्र अजून दिसतो. तो काढून टाकावा म्हणून गेल्या आठवड्यात चार ओळींचे पत्र दिले आहे, आवक शिक्क्यासह.