गुजरीतल्या पेढीचा ‘घाबरू नका’ मेसेज आणि माझे ४८,७५० रुपये

लिहायला लाज वाटते, पण लिहितोय. गुजरीतल्या एका सराफी पेढीच्या सुवर्ण योजनेत मी महिना ५,००० भरत होतो. जूनमध्ये त्यांचा मेसेज आला: ‘काही ग्राहकांच्या माहितीबाबत सुरक्षाविषयक घटना घडली आहे. घाबरण्याचे कारण नाही. आवश्यक ती पावले उचलली आहेत.’ यातून तुम्हाला काय कळलं? मलाही तेवढंच. वाचला आणि दुकान उघडलं.

नऊ दिवसांनी फोन. “काका, पेढीचा मेसेज आला होता ना? त्याचंच काम आहे.” माझा आठवा हप्ता, आधारचे शेवटचे चार अंक, वारसदार म्हणून बायकोचं नाव, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. इथंच खटकायला हवं होतं! पण वारसदाराचं नाव पेढीशिवाय कुणाला ठाऊक असणार, असं वाटलं. त्या गुळमुळीत मेसेजनंच चोराला ओळखपत्र दिलं. त्यानं व्हॉट्सअॅपवर ‘केवायसी’ची एपीके, म्हणजे फोनवर अॅप बसवणारी फाइल पाठवली, मी ती उघडली. तिनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मी ‘अलाऊ’ दाबलं. ओटीपी मी कुणाला सांगितला नाही हो, तो परस्पर गेला. २४,८५० आणि २३,९००.

मी आधी पेढीला फोन लावत बसलो, दोन तास गेले. तुम्ही आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत. माझे फक्त ६,२०० अडकवता आले. बँक म्हणते, परवानगी तुम्हीच दिली, तक्रारीच्या आधीचं नुकसान तुमचं. पोलीस म्हणाले, अर्ज ठेवून जा. तीन चकरा झाल्या. दर वेळी नवे साहेब, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. पेढी म्हणते, आम्ही कळवलं होतं की!

काय कळवलं होतं? मग मीच लिहून नेलं:

‘३ ते ५ जूनदरम्यान आमच्या योजनेची यादी चोरीला गेली. तीत तुमचं नाव, मोबाइल नंबर, हप्ते, वारसदाराचं नाव आणि आधारचे शेवटचे चार अंक होते. बँक खातं आणि पासवर्ड नव्हते. ही माहिती अचूक सांगणारा माणूसही आमचा समजू नका. आम्ही फाइल पाठवणार नाही, ओटीपी मागणार नाही. शंका आली तर पासबुकावर छापलेल्या नंबरवर विचारा. पैसे गेले तर लगेच १९३०, मग बँक.’

नंबर पासबुकावरचाच, कारण असा मेसेज चोरही पाठवू शकतो, स्वतःचा नंबर घालून. आणि काय गेलं नाही तेही सांगायचं, नाहीतर लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात आणि खरा धोका, म्हणजे फोन, विसरतात.

मॅनेजरनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “काका, एवढं उघड लिहिलं तर गिऱ्हाईक तुटतंय.”