करिअर मार्केटिंगमध्ये करावं की सेल्समध्ये?

समजा, एक कंपनी दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. मार्केटिंगवाला आधी शोधतो की हिशेबाचा सर्वाधिक त्रास कोणत्या दुकानदारांना होतो. त्यांच्यासाठी तो जाहिरात लिहितो, दोन वेगळे मथळे चालवतो आणि कोणत्या मथळ्यावर जास्त चौकशा आल्या ते आकड्यांत पाहतो. 200 जणांनी फॉर्म भरला, की यादी सेल्सकडे जाते.

तिथून काम एकेका माणसाशी: फोन, डेमो, ‘महाग आहे’ला उत्तर, पुन्हा फोन. त्यातल्या 10 जणांनी सॉफ्टवेअर घेतलं, तर बाकीच्यांचे नकार सेल्सवाल्यानेच ऐकलेले असतात. मला वाटतं, तुमची निवड इथेच ठरते. नकारानंतरचा फोन तितक्याच आपुलकीने करता येत असेल, तर सेल्समध्ये कामाचं फळ लवकर दिसतं: महिन्याचं टार्गेट आणि त्यावर इन्सेंटिव्ह. मार्केटिंगमध्ये पगार बहुधा ठरलेला, पण विक्री आपल्यामुळेच झाली हे दाखवणं अवघड.

दोघांचं भांडणही त्या यादीवरूनच होतं. सेल्स म्हणतं, हे लोक घेणारेच नव्हते; मार्केटिंग म्हणतं, फोन उशिरा केले. यादीत दुकानदारांपेक्षा विद्यार्थीच जास्त निघाले, तर जाहिरात चुकीच्या लोकांपर्यंत गेली, हे उघड आहे.