बल्क डील अन् ब्लॉक डील, दोन्हीत फरक काय

आमच्या लातूरच्या ग्रुपवर संध्याकाळ झाली की कुणीतरी टाकतंच, "बल्क डील झाली, मोठ्या माणसानं माल उचलला". अरे पण बल्क डील म्हंजे एकाच क्लायंटनं नेहमीच्या बाजारात दिवसभरात कंपनीच्या लिस्टेड शेअर्सपैकी ०.५ टक्क्याच्या वर घेतले किंवा विकले, बास. आता समजा छोटी कंपनी, १ कोटी शेअर, भाव ४० रुपये, तर ५० हजार शेअरच्या वर गेलं की नाव एक्सचेंजच्या बल्क डीलच्या यादीत, म्हंजे २० लाखांचा खेळ, तेवढ्याची तूर मोंढ्यातला अडत्या पण उचलतो. अन् तेच नाव विकणाऱ्यात पण शोधायचं, ६२,००० घेतले अन् त्याच दिवशी ६१,५०० विकले तर हातात राहिले ५००, काय सिग्नल घेणार त्यातून?

ब्लॉक डीलला खिडकीच वेगळी, सकाळी अन् दुपारी थोडा वेळ, डिसेंबर २०२५ पासून ऑर्डर कमीत कमी २५ कोटींची, आधी १० होती, अन् डिलिव्हरी घ्यावीच लागते, त्यामुळं असली उलटापालट नाही. म्हणून मला ही जास्त वजनदार वाटते. पण इथं पण घेणारा आहे तसा विकणारा आहेच, एखादा फंड मुदत संपली म्हणून निघाला असंल, किंवा प्रमोटरच्याच दोन कंपन्यांत शेअर इकडून तिकडं गेले असतील. मी तर आधी विकणाऱ्याचं नाव वाचतो.