रंगाचे डाग काढणाऱ्या 'औषधा'च्या नावाखाली झालेली फसवणूक

बेळगावच्या शहापूर भागात रंगपंचमी खेळून झाली की दुसऱ्याच दिवशी बिननावाच्या बाटल्या घेऊन विक्रेते दारोदार फिरू लागतात. यंदा आमच्याकडे आलेल्या माणसाने कपड्यांसाठी एक आणि फरशीसाठी एक अशा दोन बाटल्या सहाशे रुपयांना दिल्या. त्याने पावती दिली नाही.

त्याने दाखवलेला प्रयोग खरा होता आणि फसवणूक नेमकी तिथेच होती. स्वतःजवळच्या पांढऱ्या सुती फडक्यावर त्याने गुलाबी रंग ओतला, वर औषध टाकले आणि डाग नाहीसा झाला. ते औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, अर्थात साधे ब्लीच होते. ते होळीचा रंग काढते, तसाच कापडाचा मूळ रंगही काढते. पांढऱ्या फडक्यावर मात्र हे नुकसान दिसतच नाही. सासूबाईंच्या इरकली साडीचा रेशमी पदर त्यात भिजवल्यावर पिवळा पडला आणि वाळल्यावर विरू लागला, कारण ब्लीच रेशीम आणि लोकर यांचे धागेच कुजवते.

फरशीच्या बाटलीत ॲसिड होते. तिचा प्रयोग त्याने स्वयंपाकघरातील चकचकीत सिरॅमिक टाइलवर केला, जिच्यावरच्या काचेसारख्या थरावर ॲसिडचा परिणाम सहसा दिसत नाही. आमच्या सोप्यातली फरशी मात्र शहाबादी आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्यामुळे औषध पडताच फेस आला आणि जागोजागी खरखरीत, निस्तेज चट्टे उमटले. हे चट्टे ओले असताना लपतात आणि वाळले की पुन्हा दिसतात, कारण तो डाग नसून झिजलेला दगड असतो. तो घासून जात नाही, पॉलिशच करावे लागते. शिवाय जमिनीवर आधी पहिल्या बाटलीतले ब्लीच सांडलेले होते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. सर्वांचे घसे जळू लागले, तेव्हा दारेखिडक्या उघडून आम्ही तातडीने बाहेर आलो. असे झाले तर पुसत बसू नये.

कोणी प्रयोग दाखवू लागला तर तो आपल्याच कपड्याच्या आतल्या शिवणीवर आणि आपल्याच फरशीच्या कोपऱ्यात करायला सांगावा आणि वाळेपर्यंत थांबावे. विक्रेता घाई करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कोरडा गुलाल कधीही आधी ओला करू नये. कपडा अंगणात झटकून मऊ ब्रशने झाडावा, फरशी कोरड्या केरसुणीने झाडून मगच ओल्या फडक्याने पुसावी. ओल्या रंगाचे धुता येण्याजोगे सुती कपडे थंड पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावेत आणि अर्धा तास साबणाच्या पाण्यात ठेवावेत. डाग पूर्ण गेल्याशिवाय त्यांवर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने उरलेला रंग धाग्यात पक्का बसतो. रेशमी साडी घरी न भिजवता ड्रायक्लीनिंगला द्यावी आणि डाग कोणत्या रंगाचा आहे, हे तिथे सांगावे.