पेमेंटच्या तपशिलाचा ईमेल: प्रत्येक कपात तिच्या बिलासमोर लिहिण्याचा अनुभव

पुरवठादाराला पेमेंटचा तपशील कळवताना आधी बिलांची यादी आणि शेवटी ‘एकूण कपात’ अशी एकच ओळ जायची. काही महिन्यांपासून प्रत्येक कपात तिच्या बिलासमोर, कारणासकट जाते. आता जुन्या पद्धतीकडे परतायची इच्छा नाही.

एक उदाहरण घ्या. बिल 0417 चे 40,000, 0422 चे 25,000 आणि 0430 चे 15,000, म्हणजे एकूण 80,000. बँकेतून गेले 76,950. मधले 3,050 नुसते ‘कपात’ म्हणून लिहिले, तर समोरचा वसुली विभाग बहुधा मिळालेली रक्कम सर्वांत जुन्या बिलापासून जिरवत येतो आणि 0430 वर 3,050 येणे दाखवतो. मग पुढच्या महिन्यात त्याच रकमेचा तगादा सुरू होतो.

खरे तर या 3,050 मध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 0417 वर 2 टक्के करकपात, 800. ही पुरवठादाराच्या नावाने भरली जाते, म्हणून तो ती कराच्या खात्यात धरतो. 0422 मध्ये 10 खोकी कमी आली, दर 150, म्हणून 1,500 ची डेबिट नोट. यासाठी त्याला आपली क्रेडिट नोट काढावी लागते, तेव्हा डेबिट नोटचा क्रमांक आणि माल उतरवून घेतल्याची तारीख ईमेलमध्ये हवीच. 0430 वर 5 टक्के, म्हणजे 750, हमी म्हणून राखून ठेवले आहेत. ही रक्कम येणेच राहते, त्यामुळे ती कधी सुटणार ती तारीख लिहायची. तिन्ही नोंदी समोरच्याच्या वहीत वेगवेगळ्या जागी जातात, म्हणून त्यांची बेरीज करून पाठवण्यात अर्थ नाही.

आता प्रत्येक बिलाच्या ओळीत त्याचा क्रमांक, तारीख, मूळ रक्कम, कपात, कारण आणि दिलेली रक्कम असते. दिलेल्या रकमा 39,200, 23,500 आणि 14,250. त्यांची बेरीज बँकेतून गेलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळली तरच ईमेल सुटतो. विषयाच्या ओळीत बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि रक्कम ठेवल्याने नंतर शोधायला फार सोपे जाते.

सर्वाधिक त्रास दिला तो बिल क्रमांकांनी. एक्सेलमध्ये तो स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवला नाही, तर 0417 चे 417 होते आणि समोरच्या प्रणालीला ते बिल सापडत नाही. आपला अंतर्गत नोंद क्रमांक हवा तर द्या, पण पुरवठादाराचा क्रमांक त्याच्या बिलावर आहे तसाच हवा.

ईमेल वसुली विभागाच्या सामायिक पत्त्यावर पाठवा. विक्री प्रतिनिधीकडे गेलेला तपशील बहुधा तिथेच अडकतो. बँक खात्याचे शेवटचे 4 अंक पुरतात. पेमेंट बँकेतून परत आले, तर आधीचा तपशील रद्द झाल्याचे त्याच दिवशी कळवावे लागते, नाहीतर न मिळालेल्या पैशांवर बिले बंद होतात.