पायाच्या चरातलं पाणी आणि तासावर चालणारा पंप

आमच्या छोट्या घराच्या पायाचं खोदकाम चालू होतं. चर 9 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 1.8 मीटर खोल न्यायचा होता. दीड मीटरच्या खाली गेल्यावर माती ओली लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी 30 सेंटिमीटर पाणी उभं होतं. ठेकेदारानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, जिवंत झरा लागलाय. आता पीसीसी होईपर्यंत रात्रंदिवस पंप चालवावा लागेल." पीसीसी म्हणजे पायाखाली आधी ओततात तो साध्या काँक्रीटचा थर. पंप ठेकेदाराचाच, दर तासावर. मी घाबरून होकार दिला. पाच दिवसांनी 120 तासांचं बिल हातात आलं, आणि तळ तेव्हाही ओलाच होता.

फसवणूक पंपाच्या दरात नव्हती, पाइपाच्या तोंडाशी होती. डिलिव्हरी पाइप त्यानं चरापासून जेमतेम 4 मीटरवर, एका उथळ खड्ड्यात सोडला होता. जमीन रेताड. खड्डा कधीच भरून वाहिला नाही आणि मला त्याचं बरंच वाटायचं, चिखल होत नाही म्हणून. ते पाणी जमिनीत मुरून पुन्हा चरात येत होतं. तेच पाणी आम्ही पुन्हा उपसत होतो आणि प्रत्येक फेरीचे पैसे मी भरत होतो.

हे मला सांगितलं पंपावर बसणाऱ्या मुलानं. ठेकेदार जेवायला गेल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, गाडीत 30 मीटरचा पाइप पडलाय. तो लावून पाणी खालच्या नाल्याकडं सोडायला सांगा." लांब पाइप जवळ असूनही तो लावला नव्हता, हे ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली.

त्यानंतर मी चर नीट पाहिला आणि जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते दिसलं. आमच्या प्लॉटला हलका उतार आहे. भूजल येतं ते बहुतेक वेळा वरच्या अंगानं आणि तळातून. आमच्या चराची वरची बाजू मात्र जवळपास कोरडी होती. पाझरत होती ती उताराकडची भिंत, ज्या बाजूला उपशाचं पाणी सोडलं होतं तीच. ओलीचा पट्टा बरोबर त्या खड्ड्यासमोर होता.

ओळखीच्या एका इंजिनिअर ताईंना फोन केला. त्यांनी दोन मोजमापं सांगितली. दोन्हीला मिळून अर्धा तास लागतो आणि घड्याळ, काठी, ड्रम एवढंच सामान लागतं.

पहिलं मोजमाप पंपाचं. पाइपाचं तोंड 200 लिटरच्या ड्रममध्ये धरलं. ड्रम 40 सेकंदांत भरला, म्हणजे पंप मिनिटाला 300 लिटर पाणी फेकतो. दुसरं पाझराचं. चर शक्य तितका उपसून पंप बंद केला आणि खुणा केलेली काठी तळाशी उभी केली. 15 मिनिटांत पाणी 5 सेंटिमीटर चढलं. तळाचं क्षेत्रफळ 9 चौरस मीटर, म्हणून 450 लिटर पाणी आलं, मिनिटाला 30 लिटर. हे मोजमाप पाणी तळाशी असतानाच घ्यायचं, कारण पातळी चढली की पाझराचा जोर कमी होतो आणि आकडा खोटा लहान दिसतो.

तेवढ्यावरही पंपाला तासात फक्त 6 मिनिटं काम होतं. उरलेली 54 मिनिटं तो हवा ओढत होता. सक्शनचा घरघर आवाज आणि पाइपाच्या तोंडाशी तुटक, फसफसत येणारं पाणी हीच त्याची खूण. ती मी पाच दिवस ऐकत होतो आणि मला ते काम चालू असल्याचं लक्षण वाटत होतं.

मग लांब पाइप लावून पाणी नाल्याकडं सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं, तर 15 मिनिटांत पाणी फक्त 2 सेंटिमीटर चढलं. मिनिटाला 12 लिटर. निम्म्याहून जास्त पाणी आमचंच फिरून येत होतं. मिनिटाला 12 लिटरनं पाच दिवसांत 86,400 लिटर येतात आणि तो पंप तेवढं पाणी पाच तासांच्या आत काढतो. पंप चालू-बंद करण्यात वेळ जातो म्हणून दुप्पट धरा, तरी दहा तास. बिल होतं 120 तासांचं.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते पायाचं नुकसान. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह थेट चराच्या तळावर टाकलेला होता. पाणी गढूळ निघायचं आणि पाइपाच्या तोंडाशी बारीक रेतीचा ढीग साचला होता. ती रेती आमच्या पायाखालची. ताईंनी 12 मिलिमीटरची सळई हातानं दाबून पाहायला सांगितली. चराच्या दुसऱ्या टोकाला ती दोन-तीन सेंटिमीटरवर अडली, फूटव्हॉल्व्हजवळ 20 सेंटिमीटर आत गेली. ठेकेदार त्यावर खडी पसरून पीसीसी ओतायला निघाला होता. तो भाग घट्ट माती लागेपर्यंत काढून साध्या काँक्रीटनं भरावा लागला. उताराकडच्या भिंतीचा एक तुकडाही खचला. तेव्हा खाली कोणी नव्हतं हे नशीब. एवढ्या खोल, ओल्या चरात आधार दिल्याशिवाय कोणाला उतरवू नका आणि इंजिनाचा पंप चरात ठेवू नका, त्याचा धूर तळाशी साठतो.

उरलेलं काम दुसऱ्या माणसाला दिलं. त्यानं चराच्या टोकाला, पायाच्या मापाच्या बाहेर, तळापेक्षा 60 सेंटिमीटर खोल खड्डा घेतला. त्यात भोकं पाडलेला, जाळी गुंडाळलेला ड्रम उभा केला आणि भोवती खडी भरली. चराच्या कडेनं त्या खड्ड्याकडं उताराची अरुंद नाली काढली. फ्लोट असलेला लहान सबमर्सिबल पंप ड्रममध्ये सोडला. पाणी भरलं की तो आपोआप चालू व्हायचा, उपसून झालं की बंद. पहिल्या तासाभरानंतर पाणी नितळ येऊ लागलं. तळ दुपारपर्यंत चालण्याजोगा झाला आणि पीसीसी कोरड्यावर पडली. काँक्रीट घट्ट होईपर्यंत हा पंप बंद करायचा नसतो, नाहीतर वर चढणारं पाणी ओल्या काँक्रीटमधून सिमेंट धुऊन नेतं. खड्डा मापाच्या बाहेर असल्यामुळं पंपानंही सिमेंट ओढलं नाही.

पहिल्या ठेकेदाराला मी दोन्ही मोजमापं दाखवली. "जमिनीतलं पाणी कोणाला दिसतं?" एवढंच तो बोलला. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. लेखी करारात फक्त "पंप तासाप्रमाणे" एवढंच होतं, त्यामुळं माझ्या हातात धरायला काही नव्हतं.

दुसऱ्याबरोबरच्या करारात ताईंनी वाक्य असं घातलं: "पीसीसी घट्ट होईपर्यंत चराचा तळ कोरडा ठेवणे, एकरकमी, उपशाचं पाणी चरापासून किमान 25 मीटर लांब, उताराच्या खालच्या बाजूला सोडणे, पाणी गढूळ आल्यास उपसा थांबवून कळवणे."