पहिलीचा गृहपाठ: शून्य, दहा मिनिटं की पाऊण तास?

पहिलीच्या पालकसभेत दरवर्षी दोन तक्रारी हमखास येतात. एकीला वाटतं बाई गृहपाठ फार देतात, दुसरीला वाटतं काहीच देत नाहीत. मी बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेते आहे, त्यामुळे तिन्ही प्रकारांत मुलांच्या वह्या कशा दिसतात ते सांगते.

आधी नियम. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आहेत. म्हणजे तुमच्या शाळेत गृहपाठ नसेल तर शाळा मागे पडलेली नाही. शून्य गृहपाठ कोणाला चालतो? ज्या मुलाला घरी कोणीतरी गोष्ट वाचून दाखवतं, किंवा जे पाळणाघरातून सातला घरी येतं, त्याला. अडचण मोठ्या सुटीत येते. दिवाळीनंतर वर्गात आल्यावर काही मुलांच्या जोडाक्षरांचं सोडाच, काना-मात्राही निसटलेल्या असतात.

पाऊण तासाच्या गृहपाठाचं खरं रूप वहीतच दिसतं. ‘२१ ते ३० पाच वेळा लिहा’ असं सांगितलं की मूल पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत नुसते २ लिहून काढतं, मग त्यांच्या शेजारी १, २, ३ भरत जातं. पान पूर्ण होतं, अक्षरही बरं असतं, पण पंचवीस ही संख्या त्याच्या मनात एकदाही आलेली नसते. ‘आई’ दहा वेळा लिहायला दिलं तर आधी दहा ‘आ’, मग दहा ‘ई’. हे आळशीपण नव्हे, कंटाळलेल्या मुलानं शोधलेली वाट आहे. तुमच्या मुलाची वही अशी उभी भरत असेल तर गृहपाठ जास्त झाला, असं खुशाल समजा.

म्हणून माझा कौल दहा मिनिटांना. अमेरिकेतले गृहपाठाचे अभ्यासक हॅरिस कूपर यांचा प्रचलित ठोकताळाही इयत्तेमागे दहा मिनिटांचाच आहे, आणि प्राथमिक वर्गांत गृहपाठाचा गुणांशी संबंध फार क्षीण असल्याचं त्यांच्याच २००६ च्या आढाव्यात दिसलं. दहा मिनिटांत पाच ओळी मोठ्यानं वाचणं आणि चार-पाच संख्या लिहिणं एवढं बसतं. घड्याळ लावा, दहा मिनिटं झाली की थांबवा, आणि उरलेलं काम कोरं ठेवून डायरीत ‘इतकंच झालं’ असं लिहा. रोजच उरत असेल तर ते आम्हाला कळायलाच हवं.

आता मदतीचं. गेल्या वर्षी एका मुलाची वही चकचकीत होती, पण वर्गात तो श्रुतलेखनात ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहायचा. त्याची आई घरी चूक खोडून २९ लिहून द्यायची. त्यामुळे मला महिनाभर पत्ताच लागला नाही. चूक मराठीतूनच आलेली होती: शब्दात ‘तीस’ ऐकू येतं, म्हणून मूल आधी ३ लिहितं. (याच गोंधळासाठी बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली आणि वाद झाला.)

खोडून देण्याऐवजी काय करायचं? आम्ही आईला सांगितलं: झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे तीन गठ्ठे बांधा. ‘तीस’ म्हणा. मग एका गठ्ठ्यातली एक काडी त्याला काढायला लावा. एकोण म्हणजे एक उणा, एवढं सांगा. आता किती गठ्ठे पूर्ण राहिले, सुट्या किती, हे त्यालाच मोजू दे. दोन गठ्ठे, नऊ सुट्या. पेन्सिल मात्र त्याच्याच हातात राहू दे. पहिल्या दिवशी त्यानं तरीही ३९ लिहिलं. आईनं ते तसंच ठेवलं आणि शेजारी लहानसं टिंब दिलं, म्हणजे मला कळावं. चौथ्या दिवशी तो एकोणचाळीसचे गठ्ठे न विचारता मांडत होता.

हीच रीत उलट्या अक्षरांना. ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत, त्यामुळे पहिलीत अदलाबदल होणारच. हात धरून गिरवून घेतलं तर आकडा सुबक येतो, पण वळण तुमच्या मनगटाचं असतं. त्यापेक्षा रव्याच्या ताटलीत बोटानं मोठा ३ काढून घ्या, मग वहीत. पहिली संपेपर्यंतही अदलाबदल रोजच होत असेल तर बाईंशी बोला.

वाचताना अडलं की शब्द लगेच सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा, मग फक्त पहिलं अक्षर सांगा. ‘क… का…’ म्हणत मूल स्वतःच ‘कागद’पर्यंत पोहोचतं. पाच शब्दांत तीनदा अडत असेल तर तो पाठच त्याला जड आहे. त्या दिवशी तुम्ही वाचून दाखवा, आणि तसं डायरीत लिहा.